बरसला तो योग्य ढग

२०१५चा ऑगस्ट. सोयाबीननं माना टाकल्या होत्या आणि आम्ही तात्यांच्या ओसरीवर नुसते आभाळाकडं बघत बसलो होतो. तेवढ्यात औरंगाबादच्या बाजूनं कृत्रिम पावसाच्या प्रयोगाचं एक छोटं विमान आलं. बालाघाटाच्या डोंगरावर ढगांची चळत लागली होती, तिच्या बुडाशी दोन-तीन घिरट्या घातल्या आणि निघून गेलं. तासाभरात ढग विरले. तात्या म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? इमान आलं का ढग फाकतेत. पाऊस पळवायचा धंदा हाय ह्यो."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती की पलीकडच्या तालुक्यात विमान गेल्यावर पाऊस पडला, प्रयोग यशस्वी. तीही तात्यांनी वाचली. "तिथं पडणारच होता," म्हणाले.

मी संख्याशास्त्र शिकवतो. त्या दिवशी तात्यांचं ऐकून मनातल्या मनात हसलो होतो. नंतर हसू ओसरलं, कारण तात्यांचं बोलणं आणि पेपरातली बातमी एकाच साच्यातली होती. विमान आल्यावर ढग विरले तर तात्या म्हणणार, पळवला. बरसले तर म्हणणार, पडणारच होता. प्रयोगवाले नेमकं उलटं बोलणार. बरसला तर आमच्यामुळं, नाही बरसला तर ढग योग्य नव्हता. दोघांपैकी कुणीही, कुठल्याही दिवशी, काहीही घडलं तरी चुकत नाही. ज्यात हरायची सोयच ठेवलेली नाही असा हा डाव.

पुढं काही वर्षांनी हाच साचा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात भेटला. विषय मराठवाड्यातला दुष्काळ आणि उपाययोजना. निष्कर्षाच्या प्रकरणात वाक्य होतं: "अनुकूल परिस्थितीत कृत्रिम पावसाचा प्रयोग बऱ्याच अंशी उपयुक्त ठरतो." मी समासात लाल शाईनं लिहिलं, "हे वाक्य खोटं कधी ठरेल?" पोरगा हुशार, पण गोंधळला. म्हणाला, "सर, खोटं नाहीच ते. संदर्भ दिलाय."

मग आम्ही ते वाक्य शब्दाशब्दानं सोललं. "अनुकूल परिस्थिती" म्हणजे कोणती? ढगाची उंची किती, त्यात पाणी किती, हे कुठं लिहिलंय? कुठंच नाही. म्हणजे पाऊस पडला की परिस्थिती अनुकूल होती, नाही पडला की नव्हती. "बऱ्याच अंशी" म्हणजे दोन टक्के की चाळीस? दोन्ही बसतात. "उपयुक्त" कुणाला, कशाच्या तुलनेत? विमान न पाठवता जितका पडला असता त्याच्या तुलनेत म्हणावं, तर तो आकडा प्रबंधात नव्हता. तीन शब्द, तिन्हीला मागून दार. पोराला वाटलं होतं की त्यानं सावध, संयमी, अभ्यासकाला शोभेल असं वाक्य लिहिलंय. बहुतेकांना तसंच वाटतं. माझं म्हणणं असं की हे सावध वाक्य नाही, रिकामं वाक्य आहे. सावधपणा म्हणजे "८ ते २० टक्के वाढ" असं म्हणणं. त्यात शंकेला जागा आहे, पण पंचवीस आले किंवा शून्य आलं तर वाक्य पडतं.

कार्ल पॉपर या तत्त्ववेत्त्यानं १९३४ साली विज्ञानाची कसोटी म्हणून हीच गोष्ट मांडली. विधान किती गोष्टींनी खरं ठरतं याला फार किंमत नाही, कारण पुरावे हवे तेवढे गोळा होतात. ते विधान काय काय घडायला मनाई करतं, हे बघा. आइन्स्टाइननं सांगितलं होतं की सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वाकला पाहिजे. न्यूटनच्या हिशेबानं तो त्याच्या निम्मा येत होता. १९१९च्या ग्रहणात मोजणी झाली, तेव्हा आइन्स्टाइनचा आकडा साफ चुकू शकला असता. आपल्या पंचांगातलं "खंडवृष्टी होईल, क्वचित अतिवृष्टी" हे भाकीत मात्र कुठल्याच वर्षी चुकत नाही. मराठवाड्यात बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं. इथं खंडवृष्टी सांगायला पंचांग कशाला हवं?

इथं एक रास्त हरकत येते, आणि ती त्या पोरानंच काढली. "पण सर, ढग खरंच योग्य नसेल तर? ती सबब नाही, वस्तुस्थिती आहे." बरोबर आहे त्याचं. ढगात पाणीच नसेल तर त्यात काहीही फवारा, पाऊस कुठून येणार? कुठलंच शास्त्रीय विधान एकटं कसोटीला सामोरं जात नाही. त्याच्यासोबत उपकरण नीट होतं, नमुना बरोबर होता, अशी दहा गृहीतं रांगेत उभी असतात. निकाल उलटा आला तर दोष त्यातल्या कुणाचाही असू शकतो.

युरेनस हा ग्रह गणिताप्रमाणं चालेना, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी न्यूटनला टाकून दिलं नाही. पलीकडं अजून एखादा ग्रह असेल आणि तो ओढत असेल, असं म्हटलं. ही सबबच होती. पण ल व्हेरिए यानं गणित करून तो ग्रह आकाशात कुठं दिसेल ती जागा सांगितली, आणि १८४६मध्ये त्या जागेच्या अगदी जवळ नेपच्यून सापडला. पुढं बुध ग्रहाची चाल चुकली तेव्हा त्यानंच तसाच युक्तिवाद केला, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं नावही ठेवून झालं, व्हल्कन. लोकांनी शोधला, सापडला नाही, आणि ती कल्पना सोडावी लागली. बुधाचं कोडं १९१५मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं सुटलं. सबब दोन्ही वेळा सांगितली गेली, पण ती स्वतः तपासता येईल अशी होती. एकदा जिंकली, एकदा हरली.

म्हणून "ढग योग्य नव्हता" हे म्हणायला माझी ना नाही. फक्त ते विमान उडायच्या आधी म्हणा. आणि हे जमण्यासारखं आहे, कारण ढगात पाऊस कसा तयार होतो याची माहिती त्या प्रयोगाच्या मुळाशीच आहे. दोन रस्ते आहेत. उंच ढगाच्या माथ्याकडं पाणी शून्य अंशाच्या खाली जाऊनही गोठत नाही, थेंबच राहतं. तिथं सिल्व्हर आयोडाइडचे कण गेले की त्यांच्यावर बर्फाचे स्फटिक धरतात, वाढतात, जड होऊन खाली येतात आणि वाटेत वितळून पाऊस होतात. पण हे साधारण उणे पाच अंशांच्या खालीच चालतं. पावसाळ्यात आपल्याकडं शून्य अंशाची पातळी जमिनीपासून पाचेक किलोमीटर वर असते, म्हणजे ढगाचा माथा त्याच्याही बराच वर गेलेला हवा. दुसरा रस्ता मिठाचा. ढगाच्या बुडाशी मिठाचे बारीक कण सोडायचे. मीठ ओलावा खेचतं, काही थेंब इतरांपेक्षा मोठे होतात, आणि मोठे थेंब खाली येताना लहानांना गिळत जातात.

आता बघा, या माहितीतूनच मनाई निघते. सिल्व्हर आयोडाइडचा दावा खरा असेल, तर ज्या ढगांचे माथे गोठणपातळीच्या खाली आहेत त्यांच्यात त्याचा काही परिणाम दिसता कामा नये. तिथंही "यश" मिळालं असं अहवाल म्हणत असेल, तर त्या यशानं सिद्धांत बळकट होत नाही. उलट मोजण्याच्या रीतीतच काहीतरी गफलत आहे, हे कळतं.

गफलत कुठं असते हे मला त्या दिवशी ओसरीवर कळायला हवं होतं. वैमानिक कुठल्या ढगाकडं जातो? जो भरलेला दिसतो, वर चढतोय, रडारवर उठून दिसतोय, त्याच्याकडं. म्हणजे आधीच बरसायच्या बेतात असलेले ढग निवडून त्यांच्यावर फवारा मारायचा आणि बरसले की श्रेय घ्यायचं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असं आपण म्हणतो. इथं तर कावळा मोडायला आलेलीच फांदी बघून बसतो. यावर "आधीच्या दिवशी पाऊस नव्हता, विमान गेलं त्या दिवशी होता" ही तुलना उपयोगाची नाही, कारण आधीच्या दिवशी तसे ढगच नव्हते. तुलना हवी ती तितक्याच भरलेल्या, पण न फवारलेल्या ढगाशी.

ती मिळवायची रीत साधी आहे. कोणते ढग घ्यायचे याची अट आधी कागदावर लिहायची. चाळीस बंद पाकिटं करायची, विसात "फवारा" आणि विसात "नुसते फिरा" अशा चिठ्ठ्या, आणि ती पिसायची. विमान दर वेळी उडतं, अटीत बसणाऱ्या ढगाजवळ जातं, तिथं पाकीट फोडतं. चिठ्ठी म्हणेल तसं करतं. मग ठरलेल्या वेळेत तो ढग बरसला की नाही हे रडारवर बघायचं. असे चाळीस ढग होईपर्यंत निकाल कुणी जाहीर करायचा नाही.

समजा चाळीसपैकी सत्तावीस ढग बरसले. फवारलेल्या विसातले १४ आणि न फवारलेल्यातले १३. पाकिटं नसती तर बातमी आली असती, "वीसपैकी चौदा ढग बरसले, सत्तर टक्के यश." आणि आकडा खराच आहे! पण फवाऱ्याचा काडीचाही उपयोग नसता, तरी नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळात फवारलेल्या गटाला सत्तावीसपैकी चौदा किंवा जास्त येण्याची शक्यता बरोबर निम्मी आहे. १५ विरुद्ध १२ आलं तरी तसं निव्वळ योगायोगानं चारात एकदा घडतं. १७ विरुद्ध १० आलं, तर मात्र योगायोगानं तसं किंवा त्याहून जास्त घडण्याची शक्यता शंभरात दोन. तिथं मी टोपी काढीन. हे हिशेब घागरीत सत्तावीस काळे आणि तेरा पांढरे खडे टाकून डोळे मिटून वीस उचलायचे, असे आहेत. अकरावीतल्या पोराला करून दाखवता येतात.

मुद्दा असा की १७ हा आकडा पहिलं विमान उडायच्या आधी लिहिलेला हवा. नंतर ठरवला तर पंधरा आले की पंधरा पुरेसे वाटतात, आणि चौदा आले की "लातूरकडचे ढग वगळले तर" असं सुरू होतं. वगळायला कारण नेहमी सापडतं.

हे सगळं कागदी आदर्श नाही. आपल्याच राज्यात झालेलं आहे. बारामती परिसरात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत मिठाचा प्रयोग केला. क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन पट्टे केले, मधे एक मोकळा पट्टा सोडला आणि त्या त्या दिवशी कुठल्या पट्ट्यावर फवारायचं हे चिठ्ठीवर सोपवलं. अकरा पावसाळ्यांनंतर फवारलेल्या पट्ट्यात सुमारे २४ टक्के जास्त पाऊस आढळला आणि निव्वळ योगायोगानं तसं घडण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास निघाली. अकरा पावसाळे लागले, एका उन्हाळ्यात घेतलेल्या निर्णयानं हे झालं नाही. पुढं २०१८ आणि २०१९मध्ये याच संस्थेनं सोलापूरभोवती चिठ्ठी टाकून प्रयोग केला. त्यात पावणेतीनशेच्या आसपास ढग होते. निष्कर्ष असा की फवारलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी सुमारे १८ टक्के वाढ. हा दावा मला आवडतो. त्यात जागा आहे, क्षेत्रफळ आहे, टक्का आहे. उद्या कुणी तसाच प्रयोग करून शून्य आणलं तर हे विधान अडचणीत येईल. आणि त्यात जे नाही तेही स्पष्ट दिसतं. बारा-पंधरा मिलिमीटरच्या ढगावर अठरा टक्के म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर. त्यानं मांजरा धरण भरेल असं तो दावा कुठंही म्हणत नाही. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती तूट वेगळ्या मापाची होती.

इस्रायलची गोष्ट मात्र प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं वाचावी. तिथं १९६०च्या दशकातल्या पहिल्या प्रयोगात सुमारे १५ टक्के वाढ दिसली. १९७५पासून देशाच्या उत्तर भागात फवारणी नियमित कामकाज म्हणून सुरू झाली आणि जगभर तिचे दाखले दिले जाऊ लागले. पुढं इतर शास्त्रज्ञांनी जुने आकडे उकरून शंका काढल्या. शेवटी २०१३ ते २०२० असा सात हिवाळे चिठ्ठीवर आधारलेला नवा प्रयोग झाला. वाढ आली १.८ टक्के, आणि तीही योगायोगापासून वेगळी ओळखता येईना. २०२१मध्ये फवारणी थांबवली. ते हिवाळ्यातले, डोंगरावर अडणारे ढग आपल्या मान्सूनच्या ढगांसारखे नाहीत, त्यामुळं तिथला निकाल उचलून इथं चिकटवता येत नाही. पण एवढ्या वर्षांचा, सरकारी पैशावर चाललेला, नावाजलेला दावा मोजणीपुढं हरू शकला, ते तो आकड्यात मांडलेला होता म्हणून. "अनुकूल परिस्थितीत बऱ्याच अंशी उपयुक्त" असं लिहिलं असतं तर तो आजही चालू असता.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीही मागचं दार ठेवल्यासारखं होईल. चाळीस ढगांच्या प्रयोगात १४ विरुद्ध १३ आले, तर "फवाऱ्यानं काहीच होत नाही" असं सिद्ध होत नाही. खरा परिणाम लहान असेल तर चाळीस ढगांत तो दिसणारच नाही, त्याला शेकडो लागतील. म्हणून दाव्यात आकडा हवा. "निम्म्यानं वाढतो" हा दावा चाळीस ढगांत मोडता येतो का ते बघता येईल, "पाच टक्क्यांनी वाढतो" याला आयुष्याचा मोठा तुकडा द्यावा लागेल. "वाढतो" एवढ्याच दाव्याला मात्र कितीही ढग पुरत नाहीत. कारण प्रत्येक फसलेल्या प्रयोगानंतर तो थोडा लहान होऊन पुन्हा उभा राहतो.

प्रबंधांचं काय सांगू? तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून जातो तेव्हा पहिल्यांदा गृहीतकांचं पान उघडतो. पाच गृहीतकं, शेवटच्या प्रकरणात पाचही "सिद्ध झाली". "शिक्षणाचा आणि सामाजिक जाणिवेचा संबंध आहे." असणारच, कशाचा कशाशी संबंध नसतो? अशा वेळी मी विचारतो, यातलं एखादं खोटं निघालं असतं तर तुम्हाला कुठल्या तक्त्यात, कुठल्या रकान्यात दिसलं असतं? बहुतेक वेळा मार्गदर्शकच मधे उत्तर देतात. त्यांचाही दोष मी पूर्ण मानत नाही. फसलेलं गृहीतक म्हणजे फसलेला विद्यार्थी, अशी समजूत आपणच करून दिलेली आहे. त्या हुशार पोरानं शेवटी आपलं वाक्य बदललं. "उपलब्ध अहवालांत न फवारलेल्या ढगांची नोंद नाही, त्यामुळे मराठवाड्यातील फवारणीने पाऊस वाढला किंवा घटला हे या माहितीवरून ठरवता येत नाही." त्याला हे हरल्यासारखं वाटत होतं. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातलं तपासता येईल असं ते एकच वाक्य होतं. उद्या कुणी तशी नोंद दाखवली की ते खोटं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे पाकिटांचं सगळं तात्यांना सांगितलं. घागर आणि खडेही काढले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "आन् रडार बघणाऱ्याला चिठ्ठीत काय व्हतं ते ठाऊक असंल तर?" मी गप्पच झालो. तीन वर्षं एम. एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला ठाऊक असता कामा नये, म्हटलं. ढग बरसला की नाही हे ठरवणारा माणूस वेगळा आणि पाकीट फोडणारा वेगळा.

"मग ठीक हाय," तात्या म्हणाले. "तसं केलं आन् फवारलेल्या विसातले न फवारलेल्यांएवढे, नाही तर जास्त बरसले, तर इमान पाऊस पळवतंय हे माझं म्हणणं खोटं. लिहून घे."

मी वहीत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली. ते म्हणाले, "आता तुज्या सरकारी माणसाची सही आण." ती जागा अजून कोरी आहे.